ॲस्पिरिनच्या गोळीचं बॅक टायट्रेशन: खरं काम ब्लँकचं

गोळीच्या पाकिटावर ३०० मिलिग्रॅम छापलेलं, आणि आमच्या बॅचच्या जर्नलमध्ये उत्तर आलं ३२१. १०७ टक्के. इंडियन फार्माकोपियाप्रमाणे गोळीत लेबलच्या ९५ ते १०५ टक्के ॲस्पिरिन असायला हवं, म्हणजे आमच्या हिशोबाने ती गोळी नापास. प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "ब्लँक कुठंय?" ब्लँक आम्ही केलाच नव्हता. कॉस्टिकच्या बाटलीवर ०.५ मोलर लिहिलेलं होतं, तेच धरून मोकळे झालो होतो. संध्याकाळी थांबून ब्लँक काढला तेव्हा ३० मिलिलिटर कॉस्टिकला ३० नाही, २९.१ मिलिलिटरच ॲसिड लागलं. ते ०.९ मिलिलिटर आम्ही ॲस्पिरिनच्या नावावर घातलं होतं. ५०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनच्या नमुन्यात ते झालं ४० मिलिग्रॅम, म्हणजे ८ टक्के.

बी.फार्म. किंवा रसायनशास्त्राच्या पदवीला हा प्रयोग करणाऱ्यांसाठी तो पायरीपायरीने इथे लिहितो आहे. गोळी साधी, कोटिंग नसलेली, ३०० मिलिग्रॅमची धरली आहे.

सरळ टायट्रेशन का नाही

ॲस्पिरिन म्हणजे ॲसिटिल सॅलिसिलिक ॲसिड. ॲसिडच आहे, तर सरळ कॉस्टिकने टायट्रेट का करू नये? एक अडचण म्हणजे ते गार पाण्यात जेमतेम विरघळतं, साधारण एका भागाला तीनशे भाग पाणी. दुसरी जास्त त्रासाची. त्याच रेणूत एस्टरही आहे, आणि अल्कलीत तो हळूहळू फुटत जातो. गुलाबी रंग आला म्हणून रीडिंग घ्यावं तर थोड्या वेळात तो विरतो, कारण फुटलेल्या एस्टरमधून नवं ॲसिड तयार झालेलं असतं.

मग उलटीकडून जायचं. गरजेपेक्षा बरंच जास्त कॉस्टिक घालून उकळायचं, एस्टर पूर्ण फोडून टाकायचा आणि उरलेलं कॉस्टिक ॲसिडने मोजायचं. प्रक्रिया अशी:

C₉H₈O₄ + 2NaOH → C₇H₅O₃Na + CH₃COONa + H₂O

एका ॲस्पिरिनला दोन कॉस्टिक. त्यातलं एक कार्बॉक्सिल गटाला लागतं आणि ते लगेच संपतं. दुसरं एस्टर फोडून निघालेल्या ॲसिटिक ॲसिडला लागतं, आणि उकळायचं ते याच्यासाठी. सॅलिसिलेटवरच्या फिनॉलच्या हायड्रोजनचा प्रश्न व्हायव्हात हमखास विचारतात: तिसरं कॉस्टिक त्याला का लागत नाही? तो फार दुबळा ॲसिड आहे, त्याचा pKa १३ च्या पुढे. तीव्र अल्कलीत तो थोडाफार निघतो, पण परत टायट्रेट करताना एंड पॉइंटच्या कितीतरी आधी पूर्ण परत बसतो. हिशोबात तो येत नाही.

द्रावणं

कॉस्टिक: १ लिटरला २० ग्रॅम, उकळून गार केलेल्या पाण्यात. ते बरोबर ०.५ मोलर असायची गरज नाही, का ते पुढे येईलच.

हायड्रोक्लोरिक ॲसिड: लिटरला साधारण ४३ मिलिलिटर तीव्र ॲसिड. याची मोलॅरिटी मात्र नेमकी माहीत हवी, कारण सगळं उत्तर तिच्यावर उभं आहे. २७० अंशांच्या आसपास तापवून कोरडं केलेलं, डेसिकेटरमध्ये गार केलेलं निर्जल सोडियम कार्बोनेट घ्या आणि मिथाइल रेड किंवा मिथाइल ऑरेंज वापरून ॲसिड स्टँडर्डाइझ करा. पुढच्या उदाहरणात ०.६०२२ ग्रॅम कार्बोनेटला २२.९० मिलिलिटर ॲसिड लागलं:

(०.६०२२ × २) ÷ (१०५.९९ × ०.०२२९०) = ०.४९६२ मोलर

गोळ्या वजन करणं आणि कुटणं

वीस गोळ्या एकत्र वजन करा. आपल्या उदाहरणात ७.२४६० ग्रॅम भरल्या, म्हणजे एक गोळी सरासरी ०.३६२३ ग्रॅमची. यात ३०० मिलिग्रॅम औषध. बाकीची स्टार्च, टाल्क वगैरे भर.

सगळ्या वीस गोळ्या खलात बारीक कुटा. एकच गोळी कुटून केलेला प्रयोग त्या एका गोळीचा असतो, बॅचचा नाही. भुकटी मैद्यासारखी मऊ हवी. रव्यासारखी राहिली तर कॉस्टिक कणाच्या आतपर्यंत वेळेत पोचत नाही, आणि खलाच्या कडेला चिकटलेला भाग व मधला भाग यांत फरक पडतो. कुटलेली भुकटी पावसाळ्यात उघडी ठेवू नका. ती दमट होते, आणि दमटपणा ॲस्पिरिनला मानवत नाही.

आपल्याला ५०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन असलेली भुकटी हवी: ०.३६२३ × ५०० ÷ ३०० = ०.६०३८ ग्रॅम. बरोबर एवढीच घेण्याच्या नादात चमच्याने उचल-टाक करत बसू नका. जवळपास घ्या आणि जेवढी आली तेवढी चार दशांशांपर्यंत नोंदवा. आपण ०.६०५२ ग्रॅम घेतली. वजन फरकाने करा: भुकटीसह वजनबाटली, फ्लास्कमध्ये ओतल्यावरची बाटली, आणि दोन्हींची वजाबाकी. कागदावर वजन करून झटकलं की कागदाला थोडी भुकटी राहतेच.

उकळणं

भुकटी २५० मिलिलिटरच्या कोनिकल फ्लास्कमध्ये घ्या. वर नेमकं ३०.० मिलिलिटर कॉस्टिक सोडा. ३० चा पिपेट बहुतेक ठिकाणी नसतो, म्हणून हे ब्युरेटमधून सोडलेलं बरं. काम झाल्यावर ब्युरेट लगेच धुवा, नाहीतर काचेची तोटी कॉस्टिकने जाम होते आणि पुढच्या बॅचच्या शिव्या खाव्या लागतात. पिपेटच वापरणार असाल तर रबरी बल्बने. २५ चा पिपेट चालतो. आपल्या ॲस्पिरिनला सुमारे ११ मिलिलिटर कॉस्टिक लागतं, तेव्हा तरीही १४ उरतं. अट एकच, ब्लँकलाही तोच पिपेट.

फ्लास्क फिरवून गुठळ्या मोडा. तोंडावर छोटं फनेल ठेवा, दोन-तीन काचमणी टाका आणि मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. दहा मिनिटं उकळी फुटल्यापासून मोजायची, गॅस पेटवल्यापासून नाही. स्टार्च असलेली भुकटी आधी फेसाळते आणि मग खळीसारखी होते. आच मोठी असेल तर द्रावण उसळून फनेलपर्यंत जातं. गरम कॉस्टिक डोळ्यांत गेलं तर गंभीर इजा होते, गॉगल लावूनच उभे राहा.

दहा मिनिटांनी फनेल आणि फ्लास्कच्या आतल्या कडा उकळून गार केलेल्या थोड्या पाण्याने धुऊन आत घ्या. मग फ्लास्क नळाखाली धरून पूर्ण गार करा. तळाशी पांढुरका गाळ राहिला तर घाबरू नका, तो टाल्क आणि भरीचा असतो. गाळून घेण्याची गरज नाही.

ब्लँक

दुसऱ्या तशाच फ्लास्कमध्ये भुकटीशिवाय ३०.० मिलिलिटर कॉस्टिक घ्या आणि तेच सगळं करा. तेवढंच उकळायचं, तसंच फनेल, तसंच गार करणं, तेवढंच पाणी. "ब्लँकमध्ये काही नाहीच तर उकळायचं कशाला" असं म्हणून बरेच जण तो गारच टायट्रेट करतात. कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, आणि उकळताना-गार होताना ते सगळ्यात जास्त होतं. दोन कॉस्टिकचं एक कार्बोनेट बनतं. फिनॉल रेडच्या एंड पॉइंटला कार्बोनेट फक्त बायकार्बोनेटपर्यंत मोजलं जातं, म्हणजे त्या कॉस्टिकपैकी अर्धं ॲसिडला दिसतच नाही. हा तोटा नमुन्यातही होतो आणि ब्लँकमध्येही होतो. दोघांची वाट सारखी ठेवली तर वजाबाकीत तो बहुतांशी जातो.

याच वजाबाकीत कॉस्टिकची मोलॅरिटीही जाते. ब्लँकला लागलेलं ॲसिड म्हणजे घातलेलं कॉस्टिक. नमुन्याला लागलेलं ॲसिड म्हणजे उरलेलं कॉस्टिक. फरक म्हणजे ॲस्पिरिनने खाल्लेलं, तेही ॲसिडच्या मापात. म्हणून कॉस्टिक ०.४८५ आहे की ०.५०३, याने उत्तर हलत नाही. आमचे ८ टक्के या एका फ्लास्कने वाचले असते.

ब्लँक दोनदा करा. नमुन्याचं एखादं रीडिंग चुकलं तर एक उत्तर बिघडतं, ब्लँकचं चुकलं तर वहीतली सगळीच.

टायट्रेशन आणि रंग

दोन्ही फ्लास्क गार झाल्यावर फिनॉल रेडचे सारखेच थेंब टाका. रंग लाल-किरमिजी येतो. ब्युरेटमधून ॲसिड सोडत जा. लाल, मग नारिंगी, मग पिवळा. फिनॉल रेड pH ८.४ ते ६.८ च्या दरम्यान बदलतो, आणि लाल छटा जाऊन पिवळा टिकला की थांबायचं. आधी ब्लँक करा आणि तो फ्लास्क पांढऱ्या टाइलवर शेजारी ठेवा. नमुना त्याच पिवळ्यावर आणायचा. नमुन्यात गढूळपणा असल्याने रंग थोडा दुधाळ दिसतो, म्हणून आठवणीवर विसंबण्यापेक्षा समोर ठेवलेला फ्लास्क बरा.

इंडिकेटर इथे फार महत्त्वाचा आहे. फ्लास्कमध्ये आता कॉस्टिकखेरीज सोडियम ॲसिटेटही आहे, आणि ॲसिटिक ॲसिडचा pKa ४.७६. pH ७ जवळ थांबलो तर ॲसिटेट जवळजवळ सगळं जसंच्या तसं असतं. पण हाताशी आहे म्हणून मिथाइल ऑरेंज टाकलं तर pH ४ पर्यंत जावं लागतं, आणि तोवर बहुतेक ॲसिटेट ॲसिड खाऊन ॲसिटिक ॲसिड झालेलं असतं. जास्त लागलेलं ॲसिड "उरलेलं कॉस्टिक" म्हणून मोजलं जातं आणि ॲस्पिरिन साधारण अर्ध्यावर येतं. ५० ते ५५ टक्के उत्तर आणि रेंगाळत बदलणारा एंड पॉइंट एकत्र दिसले की आधी इंडिकेटरची बाटली बघावी.

हिशोब

आपली रीडिंगं: ब्लँक ३०.१५ मिलिलिटर, नमुना १९.१० मिलिलिटर. फरक ११.०५.

ॲस्पिरिनचं रेणुभार १८०.१६ आणि एका रेणूला दोन कॉस्टिक, म्हणजे १ मिलिमोल कॉस्टिकला ९०.०८ मिलिग्रॅम. बरोबर ०.५ मोलरचं १ मिलिलिटर ४५.०४ मिलिग्रॅम दाखवतं. आपलं ॲसिड ०.४९६२ आहे, म्हणून:

१ मिलिलिटर = ०.४९६२ × ९०.०८ = ४४.७० मिलिग्रॅम
भुकटीतलं ॲस्पिरिन = ११.०५ × ४४.७० = ४९३.९ मिलिग्रॅम
एका गोळीत = ४९३.९ × ०.३६२३ ÷ ०.६०५२ = २९५.७ मिलिग्रॅम
लेबलच्या = २९५.७ ÷ ३०० × १०० = ९८.६ टक्के

दुसऱ्या वेळी ०.६०११ ग्रॅम भुकटीला १९.१५ मिलिलिटर लागलं. फरक ११.००, गोळीत २९६.३ मिलिग्रॅम, म्हणजे ९८.८ टक्के. सरासरी ९८.७, आणि गोळी पास.

इथे नेहमीच्या दोन चुका. ९० ऐवजी १८० ने गुणलं की उत्तर दुप्पट येतं, ती चूक लगेच सापडते. दुसरी लपून राहते: गोळीच्या सरासरी वजनाऐवजी एकाच गोळीचं वजन घालणं. त्याने उत्तर एखाद-दोन टक्क्यांनीच सरकतं आणि कुणाला संशय येत नाही.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. एक थेंब म्हणजे सुमारे ०.०५ मिलिलिटर, म्हणजे २.२ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ अर्धा टक्का. तेव्हा ९८.६ आणि ९८.८ मधल्या फरकाला काही अर्थ नाही, आणि वहीत ९८.५६३ टक्के लिहिणं तर विनोदच.

उत्तर कमी किंवा जास्त आलं तर

उत्तर कमी येण्याचं पहिलं कारण अर्धवट हायड्रॉलिसिस. हे डोळ्यांना दिसत नाही. गार आणि जवळजवळ उदासीन द्रावणात उरलेला एस्टर इतका सावकाश फुटतो की टायट्रेशनच्या पाच मिनिटांत एंड पॉइंट सरळ वाटतो. शहानिशा करायचा मार्ग एकच: तेवढीच भुकटी घेऊन वीस मिनिटं उकळा, आणि ब्लँकही वीस मिनिटं. उत्तर वर सरकलं तर पहिल्यात एस्टर उरला होता. नाही सरकलं तर कारण दुसरीकडे शोधा, बहुधा वजनात किंवा फनेलला लागलेल्या भुकटीत.

जास्त आलं आणि उकळल्यावर द्रावण पिवळट-तपकिरी झालं असेल तर भरीत लॅक्टोज असण्याची शक्यता बघा. अशा साखरा गरम कॉस्टिकमध्ये तुटतात, त्यातून ॲसिडं बनतात आणि ती कॉस्टिक खातात. वर त्या पिवळेपणात फिनॉल रेडचा पिवळा एंड पॉइंटही हरवतो. स्टार्चवर बनवलेल्या गोळ्यांत हा त्रास फारसा नसतो.

म्हणूनच गोळी निवडतानाच काळजी घ्या. हृदयाच्या रुग्णांना देतात ती ७५ मिलिग्रॅमची आतड्यात विरघळणारी गोळी या प्रयोगाला घेऊ नका. तिच्या कोटिंगच्या पॉलिमरमध्येच बहुधा ॲसिड गट असतात. पाण्यात टाकून प्यायच्या गोळीत कॅल्शियम कार्बोनेट आणि सायट्रिक ॲसिड असू शकतं. त्यातलं एक ॲसिड खाऊन उत्तर खाली ओढतं, दुसरं कॉस्टिक खाऊन वर नेतं, आणि दोघांच्या ओढाताणीत जे काही येतं ते ॲस्पिरिन नसतं.

बरोबर उत्तर, खराब गोळी

या पद्धतीची खरी मर्यादा हिशोब नीट जमल्यावरच कळते. रत्नागिरीत किंवा पणजीत जुलै महिन्यात उघडी राहिलेली ॲस्पिरिनची बाटली हुंगून बघा. व्हिनेगरचा वास येतो. दमट हवेत एस्टर आपोआप फुटून सॅलिसिलिक आणि ॲसिटिक ॲसिड तयार होतं, आणि नाकाला येतं ते ॲसिटिक.

आता ही खराब गोळी आपल्या फ्लास्कमध्ये काय करेल? सॅलिसिलिक ॲसिड एक कॉस्टिक घेतं, ॲसिटिक ॲसिड एक. एकूण दोन, म्हणजे चांगल्या ॲस्पिरिनइतकंच. फुटून तयार झालेलं ॲसिटिक ॲसिड गोळीतच अडकून राहिलं असेल तर अर्धी कुजलेली गोळीही शंभर टक्के दाखवेल. उडून गेलं असेल तरी पद्धत उदारच: दहा टक्के ॲस्पिरिन फुटलं आणि त्याचं सगळं ॲसिटिक ॲसिड उडालं, तर उत्तर ९० नाही, ९५ येतं. फार्माकोपियाच्या खालच्या मर्यादेवर बरोबर पाय ठेवून पास. म्हणूनच मोकळ्या सॅलिसिलिक ॲसिडची चाचणी वेगळी असते.

घरगुती पडताळणी सोपी आहे. चिमूटभर भुकटी गार अल्कोहोलमध्ये हलवा आणि पातळ फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाका. जांभळा रंग चढला तर मोकळं सॅलिसिलिक ॲसिड आहे. ॲस्पिरिनचा फिनॉल गट ॲसिटिलने झाकलेला असल्याने ते स्वतः हा रंग देत नाही. ताज्या गोळीचीही चाचणी शेजारी करा, कारण अगदी फिकट छटा तिच्यातही येऊ शकते.

टायट्रेशननेच उत्तर हवं असेल तर ते दोन टप्प्यांत करा. भुकटी आधी उदासीन केलेल्या गार अल्कोहोलमध्ये घ्या आणि फिनॉल्फ्थॅलीन टाकून ०.५ मोलर कॉस्टिकने झटपट फिकट गुलाबीपर्यंत न्या. आतली सगळी मोकळी ॲसिडं, ॲस्पिरिनचं स्वतःचं कार्बॉक्सिल धरून, इथेच मिटली. मग त्याच फ्लास्कमध्ये ३०.० मिलिलिटर कॉस्टिक घालून रिफ्लक्स कंडेन्सर लावा आणि पाण्याच्या बाथवर तापवा. अल्कोहोलची वाफ असल्याने उघडी ज्योत नको. ब्लँकमध्ये तेवढंच अल्कोहोल. आता ब्लँक आणि नमुन्यातला फरक फक्त एस्टरचा आहे, आणि एका ॲस्पिरिनला एकच कॉस्टिक. म्हणून गुणायचं १८०.१६ ने.

किंमत अशी की फरक निम्मा झाल्याने तोच एक थेंब आता जवळजवळ एक टक्का खातो. पण दोन्ही टप्पे एकमेकांशी ताडून बघता येतात. पहिल्या टप्प्यात जेवढे मिलिमोल, दुसऱ्यात तेवढेच, तर गोळी शाबूत. पहिल्यात जास्त निघाले तर काहीतरी आधीच फुटलंय, किंवा भरीत दुसरं ॲसिड आहे. यातलं कोणतं, ते फेरिक क्लोराइडच्या नळीतला रंग सांगतो.